राजेंद्रनगरची गच्ची आणि मधमाशीचा नाच: प्रकल्प नोंदी

२२ मार्च

पेटी आली. इंदूरच्या बाहेर धन्याच्या आणि मोहरीच्या शेतांत मेलिफेरा माश्यांच्या पेट्या ठेवणारे एक भाऊ आहेत. हंगाम संपत आल्यावर त्यांनी एक छोटी वसाहत उसनी दिली. आपल्याकडची सातेरी माशी मिळाली असती तर आवडलं असतं, पण ती जरा काही बिनसलं की पोळं सोडून निघून जाते आणि आम्हाला अडीच महिने एका जागी राहणारी माशी हवी होती.

सुताराकडून काचेची पेटी करून घेतली आहे. दोन चौकटी एकावर एक उभ्या, दोन्ही बाजूंना काच आणि काचेवर जाड काळं कापड. गच्चीवरच्या खोलीत ती भिंतीला लावून ठेवली आहे. खिडकीच्या फटीतून एक पाइप बाहेर जातो, माश्यांची ये-जा तिथून. पाइप पेटीत शिरतो तिथे लाकडी पट्टी अशी बसवली आहे की आलेली माशी पोळ्याच्या एकाच बाजूला चढते. नाच बहुतेक दाराजवळच्या भागात होतात, आणि ते आमच्या बाजूच्या काचेवर झाले नाहीत तर सगळंच व्यर्थ.

भाची अकरावीत आहे, प्रकल्प तिचा. माझं काम कोन मोजायचं आणि चहा करायचं.

आम्हाला करायचं आहे ते एवढंच: माशीचा नाच पाहून ती कुठल्या झाडावरून आली ते नकाशावर काढायचं, मग तिथे चालत जाऊन झाड आहे की नाही ते पाहायचं. नाचाची रीत कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४० च्या दशकात उलगडली आणि १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. पुस्तकात हे सगळं दोन ओळींत संपतं. गच्चीवर किती पुरतं ते पाहू.

२७ मार्च

माश्या स्थिरावल्या. संध्याकाळी कापड सरकवून लाल जिलेटिन लावलेल्या टॉर्चच्या उजेडात पाहिलं. लाल रंग मधमाशीला दिसत नाही, तिच्यासाठी पेटीत अंधारच असतो.

नाच ओळखायला वेळ लागत नाही. बाहेरून आलेली एक माशी गर्दीत जागा करून सरळ रेषेत थोडं पुढे जाते. जाताना पोट डावी-उजवीकडे जोरात हलवते, सेकंदाला साधारण १३ ते १५ वेळा, आणि पंखांनी घुमते. मग उजवीकडून वळसा घेऊन आरंभाच्या जागी येते, पुन्हा तीच सरळ धाव, या खेपेला वळसा डावीकडून. असं चालूच राहतं. इतर माश्या तिच्या मागे लागून, मिशा तिच्या अंगाला लावून तिच्यासोबत फिरतात. अंधारात त्यांना नाच दिसत नाहीच, तो त्या स्पर्शातून आणि कंपनातून घेतात.

वळशांत काही नाही. सगळी माहिती सरळ धावेत आहे. ती किती वेळ चालते त्यावर अंतर, आणि ती कुठल्या कोनात आहे त्यावर दिशा.

दिशेची रीत अशी: पोळं उभं लटकलेलं असतं. त्यावर 'वर' म्हणजे सूर्याची दिशा असं माशी धरते. सरळ धाव अगदी वरच्या दिशेने असेल तर फुलं सूर्याच्या बाजूला. अगदी खाली असेल तर सूर्याकडे पाठ करून उडा. वरपासून उजवीकडे ४० अंश असेल तर सूर्यापासून उजवीकडे ४० अंश. इथे सूर्याची उंची मोजायची नाही. सूर्यापासून सरळ खाली क्षितिजावर रेघ आणली तर ती जिथे टेकेल ती दिशा धरायची. म्हणजे आम्हाला दोन कोन हवेत: पोळ्यावरचा, आणि त्या क्षणी सूर्य उत्तरेपासून किती अंशांवर आहे तो.

३० मार्च

आज गच्चीवर उत्तर शोधली. होकायंत्र चालत नाही. स्लॅबमधल्या सळयांमुळे सुई दोन पावलांवर वेगळंच दाखवते.

म्हणून जुनी युक्ती. एक सरळ काठी ओळंबा लावून अगदी उभी केली, तिच्या पायथ्याभोवती खडूने वर्तुळ काढलं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवतं तिथे खूण, दुपारनंतर पुन्हा जिथे शिवतं तिथे दुसरी खूण. दोन खुणांच्या मधोमध जाणारी रेघ उत्तर-दक्षिण. उज्जैनच्या वेधशाळेत शंकुयंत्र आहे, त्याचंच हे गरिबाचं रूप. भाचीने रेघ ऑइलपेंटने पक्की केली आणि भोवती दर पाच अंशांना खूण टाकली. आता कधीही गच्चीवर जाऊन सावली पाहायची, तिच्या नेमकी उलट दिशा म्हणजे सूर्याची. अॅपची गरज नाही, आणि मला हे जास्त विश्वासाचं वाटतं.

सावली सर्वांत आखूड कधी होते तेही पाहिलं: बारा वाजून अर्ध्या तासाच्या आसपास. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि इंदूर पाऊण शहात्तरच्या थोडं पुढे, त्यामुळे आपला सूर्य घड्याळापेक्षा साधारण सत्तावीस मिनिटं मागे. माशीला घड्याळ माहीत नाही, म्हणून 'दुपार' म्हणजे आमच्यासाठी आता साडेबारा.

पेटीच्या काचेसमोरही एक ओळंबा टांगला आहे. चित्रफितीत तो दोरा दिसला की 'वर' कुठे ते नक्की, मोबाइल तिरका धरला तरी चालतं.

८ एप्रिल

गेले काही दिवस साखरपाणी. नाचाचा किती सेकंद म्हणजे किती मीटर हे पुस्तकातून घ्यायचं नाही असं ठरवलं. जातीगणिक ते बदलतं. दक्षिण भारतात सातेरी, फुलोरी आणि आग्या या तिन्ही माश्यांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तिघींचं मोजमाप वेगवेगळं निघालं. सातेरी आखूड पल्ल्यात फिरते, तिचा नाच तेवढ्याच अंतराला सगळ्यांत लांबतो.

पद्धत सोपी पण चिवट. एक लिटर पाण्यात एक किलो साखर, वासासाठी केवड्याचे दोन थेंब. बशी आधी अगदी पाइपच्या तोंडाशी ठेवायची. माश्या येऊ लागल्या की थोडी थोडी पुढे न्यायची. एकदम पन्नास मीटर नेली तर माश्या जुन्याच जागी घिरट्या घालत बसतात. बशीवर बसलेल्या माश्यांच्या पाठीवर अॅक्रिलिक रंगाचा ठिपका दिला, म्हणजे पेटीत नाचणारी माशी आपल्याच बशीवरची हे कळतं.

हे जमलं कारण सध्या आजूबाजूला फुलोरा कमी आहे. बहर असताना माश्या साखरपाण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आणि बशीवर गेलेली प्रत्येक माशी नाचते असंही नाही. पाणी पातळ केलं तर त्या मुकाट पोट भरतात आणि पेटीत येऊन गप्प उतरवतात. नाच हा सौदा फायद्याचा असला तरच.

बशी वीस मीटरवर असताना सरळ धाव जवळजवळ नाहीच, माशी जागच्या जागी गोल फिरते. त्यातून 'जवळच आहे, बाहेर पडून वास घ्या' याहून जास्त काही आम्हाला काढता आलं नाही. गल्लीच्या टोकाला, ३०० मीटरवर, सरळ धावेची सरासरी ०.६ सेकंद. मैदानापलीकडे ५०० मीटरवर ०.८५. म्हणजे या पट्ट्यात दर शंभर मीटरला साधारण पाव सेकंदाच्या निम्मं. मोबाइल सेकंदाला १२० चित्रं घेतो, ती मोजून काढलं. नुसत्या डोळ्यांनी ०.६ आणि ०.८५ मधला फरक कळत नाही.

कोनाचीही खात्री झाली. ३०० मीटरवरची बशी पेटीपासून जवळजवळ थेट दक्षिणेला आहे, १७८ अंश. सकाळी दहा वाजता सूर्य १०८ अंशांवर होता. वजाबाकी ७०. पोळ्यावर धावांची सरासरी निघाली वरपासून उजवीकडे ७२.

सरासरी हा शब्द महत्त्वाचा. एकच माशी एकाच नाचात एक धाव ६० अंशांत, पुढची ८२ अंशांत करते. डाव्या वळशानंतरची आणि उजव्या वळशानंतरची धाव दोन बाजूंना फाकते, आणि जागा जवळ असेल तर जास्तच फाकते. म्हणून एका नाचातल्या लागोपाठच्या निदान चार धावा घ्यायच्या, दोन डाव्या आणि दोन उजव्या वळशानंतरच्या. पहिली आणि शेवटची धाव सोडून द्यायची, त्या वेड्यावाकड्या असतात.

९ एप्रिल

कालच्या ०.६ आणि ०.८५ बद्दल एक टीप, नाहीतर नंतर विसरू. माशी अंतर मीटरमध्ये मोजत नाही, लागलेल्या श्रमावरूनही नाही. उडताना खालचं आणि बाजूचं दृश्य डोळ्यांसमोरून किती सरकलं यावरून मोजते. बेंगळुरूत शिकलेले मंड्यम श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे दाखवलं. माश्यांना त्यांनी सहा-साडेसहा मीटरच्या अरुंद बोगद्यातून खाण्याकडे पाठवलं. भिंतींवर ठिपक्यांची नक्षी होती, भिंती अगदी जवळ, त्यामुळे दृश्य भराभर सरकलं आणि माश्यांनी पेटीत येऊन दोनशे मीटरच्या आसपास असल्यासारखा नाच केला. भिंतींवर लांबीच्या दिशेने पट्टे असताना सरकणारं काही दिसेना, तेव्हा तेवढ्याच बोगद्यातून आलेल्या माश्या जवळच्या जागेसारखा गोल नाच करू लागल्या.

आमच्यासाठी याचा अर्थ असा की घरांमधल्या गल्लीतून नेलेली बशी आणि मोकळ्या मैदानावरून नेलेली बशी यांचा हिशोब तंतोतंत एक धरायचा नाही. अंतराच्या उत्तराला दहा टक्के इकडे-तिकडे सूट द्यायची.

१२ एप्रिल

खरी परीक्षा. बशी उचलून ठेवल्याला काही दिवस झालेत आणि आज सकाळपासून पेटीत एकाच प्रकारचे नाच दिसत आहेत. पाठीवर ठिपका नसलेल्या माश्या, पायांवर पराग नाही, मकरंद उतरवून घ्यायला इतर माश्या लगबगीने पुढे. बाहेर काहीतरी उघडलं आहे.

साडेनऊ. सावलीवरून सूर्य १०१ अंशांवर. धावांची सरासरी वरपासून उजवीकडे ६०. बेरीज १६१.

साडेअकरा. सूर्य १३३. धावा आता उजवीकडे फक्त ३२. बेरीज १६५.

दीड. सूर्य माथ्यावरून पलीकडे गेलेला, २२९. धावा चक्क डावीकडे, ६८ अंश. वजाबाकी १६१.

हे मी तीनदा वाचलं. पोळ्यावर नाच शंभराहून जास्त अंश फिरला आणि जागा मात्र हलली नाही. दक्षिण-आग्नेय, १६० ते १६५ च्या दरम्यान.

त्यात पाहण्यासारखं हे की पहिल्या दोन तासांत सूर्य ३२ अंश सरकला आणि पुढच्या दोन तासांत ९६. आकाशात त्याचा वेग तोच असतो, पण दुपारी तो उंच असल्यामुळे क्षितिजावरची त्याची दिशा झपाट्याने बदलते. युरोपात हा फरक इतका नसतो, तिथे दुपारचा सूर्यही बऱ्यापैकी खाली असतो. आपल्याकडे माशीला हे शिकून घ्यावं लागतं. फुलांवरून निघताना पाहिलेला सूर्य आणि नाचताना असलेला सूर्य यांत थोडाच वेळ गेलेला असतो, पण काही माश्या अंधाऱ्या पेटीत खूप वेळ नाचत राहतात आणि नाचता नाचता कोन सावकाश फिरवत नेतात. त्यांना बाहेर सूर्य दिसत नसतो.

धावेचा वेळ सरासरी १.१ सेकंद. ५०० मीटरला ०.८५, वर पाव सेकंद, म्हणजे आणखी २०० मीटर. एकूण साधारण ७०० मीटर. दहा टक्के सूट धरली तर ६३० ते ७७०. दिशेत दहा अंशांची चूक धरली तर सातशे मीटरवर ती दोन्ही बाजूंना सव्वाशे मीटरच्या आसपास पसरते. नकाशावर एक जाड फाक निघाली, अडीचशे मीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल. माश्यांनाही याहून बारीक पत्ता मिळत नाही. त्या फाकेत पोचल्या की पुढचं काम नाकाचं. नाचणारीच्या अंगाला फुलाचा वास असतो, आणि मागे लागलेल्या माश्या तो घेऊनच निघतात.

१३ एप्रिल

सकाळी चालत गेलो. फाकेच्या अलीकडच्या टोकाला दोन कडुनिंब, त्यांचा बहर ओसरलेला. एका बंगल्यात बोगनवेल. तिच्यावर माश्या नव्हत्या. पुढच्या वळणावर जुन्या वसाहतीच्या रस्त्याच्या कडेने करंजांची रांग, आणि खाली रस्ता फिकट जांभळ्या पाकळ्यांनी भरलेला. वर घुमघुम ऐकू येत होती. पेटीपासून ही रांग नकाशावर १५५ ते १६५ अंशांत पडते आणि अंतर साडेसहाशे ते साडेसातशे मीटर.

भाची म्हणाली, "मामा, पण या आपल्याच माश्या कशावरून? इथे कुणाच्याही असतील." प्रश्न बरोबर आहे. करंज उंच, पाठीवरचे ठिपके खालून दिसणं अशक्य. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून वहीत लिहून ठेवलं: करंज संपला की हे नाच संपतात का ते पाहणे.

२५ एप्रिल

मोठा उन्हाळा सुरू झाला. खोलीत कूलर ठेवला आहे. काचेच्या पेटीत हवा कोंडते आणि मेण मऊ पडलं तर पोळं खाली येईल.

आज एक खेळ. कापड बाजूला करून पांढरा टॉर्च काचेच्या डाव्या बाजूने पोळ्यावर टाकला. थोड्याच वेळात नाच फिरले. माश्यांनी 'वर' सोडून दिलं आणि टॉर्चलाच सूर्य धरून कोन लावायला सुरुवात केली. टॉर्च खाली नेला की नाचही सरकले. फॉन फ्रिश यांनीही पेटीत दिवा दाखवून हे पाहिलं होतं. माशीला उजेड मिळाला तर उजेड पहिला, तो नसला तर गुरुत्वाकर्षण.

याचा व्यवहारातला उपयोग असा: एकाच वेळी एकाच बहराचे नाच जर पोळ्यावर एका बाजूला ओढल्यासारखे तिरके दिसले, तर कापडाची एखादी फट उघडी आहे. पहिल्या आठवड्यातली काही मापं याच कारणाने बाद केली.

२ मे

पलीकडच्या घरी मधुमालतीच्या वेलात फुलोरी माशीचं पोळं सापडलं, तळहाताएवढं. या माशीला पेटी लागत नाही, एका फांदीभोवती एकच पोळं बांधते आणि फांदीच्या वर पोळ्याचा गोलसर सपाट माथा करते. नाच त्या माथ्यावर, उघड्या आकाशाखाली. तिला 'वर म्हणजे सूर्य' ही कसरत करावी लागत नाही. सरळ धाव ज्या दिशेने, त्याच दिशेने फुलं. वेलाच्या पानांआडून आम्ही एक तास पाहिलं, एक लांब काडी धावेच्या रेषेत धरली आणि ती थेट समोरच्या शेवग्याकडे दाखवत होती. शेजारच्या काकूंनी दुपारी "काय शोधताय आमच्या वेलात?" असं विचारून पोहे दिले. पोळं हलवू नका एवढं सांगून आलो.

८ मे

करंजांच्या रांगेखाली आता पाकळ्या नाहीत, शेंगा धरू लागल्या आहेत. पेटीत १६० अंशांचे नाच गेल्या काही दिवसांत कमी होत होत आज एकही दिसला नाही. भाचीच्या प्रश्नाचं हे पूर्ण उत्तर नाही, पण माझं समाधान झालं. तिचं नाही.

१८ मे

दुपारी साडेचारला ठळक नाच, सरळ धाव अगदी खाली. सूर्य २७९ अंशांवर, म्हणजे जागा बरोबर उलट, ९९, पूर्वेला. वेळ अर्धा सेकंद, अंतर सव्वादोनशे ते अडीचशे मीटर. त्या बाजूला फुलाचं एकही झाड नाही हे आम्हाला पाठ आहे.

गेलो तर उसाच्या रसाची गाडी. चोथ्याच्या ढिगावर आणि गाळणीवर माश्या. गाडीवाला म्हणाला रोज चारनंतर येतात. त्यांतल्या एकीच्या पाठीवर आमचा पिवळा ठिपका होता. एप्रिलमध्ये दिलेला ठिपका मेच्या मध्यापर्यंत टिकत नाही, माशीच तेवढी टिकत नाही. हा गेल्या आठवड्यात भाचीने पेटीच्या दाराशी दिलेल्यांपैकी असणार. करंजाच्या वेळी न मिळालेला पुरावा रसाच्या गाडीवर मिळाला, भाची खूश.

नाच फक्त फुलांचा नसतो हे लक्षात ठेवायला हवं. उन्हाळ्यात पेटी थंड ठेवायला पाणी आणणाऱ्या माश्याही नाचतात. मुखाला साखर-मकरंद असेल तर इतर माश्या तो चटकन उतरवून घेतात आणि नाचणारीला फुलाचा वास असतो. पाणीवालीला वास नसतो. नकाशा घेऊन निघण्याआधी एवढं पाहून घेतलं तर एखाद्या गळक्या टाकीपर्यंतची पायपीट वाचते.

७ जून

या दिवसासाठी पेटी इतके दिवस ठेवली होती. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य नेमका डोक्यावर येतो, एकदा जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि एकदा जुलैच्या. आकाश सकाळपासून निरभ्र राहिलं, नशीब. बशी पुन्हा त्याच जागी, ३०० मीटर, १७८ अंश. सध्या बाहेर काही फुललेलं नसल्याने माश्या लगेच आल्या.

साडेनऊला सूर्य ८१ अंशांवर. नाच उजवीकडे ९५ च्या आसपास, हिशोबाने ९७ यायला हवा.

साडेअकराला सूर्य ८७. दोन तासांत फक्त सहा अंश! एप्रिलमध्ये याच दोन तासांत ३२ होते. आज सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवून आता जवळजवळ पूर्वेच्याच रेषेत सरळ वर चढतो आहे, क्षितिजावरची त्याची दिशा जवळजवळ गोठलेली. नाच उजवीकडे ९०, हललाच नाही.

मग बारा पंचवीसला काठीची सावली नाहीशी झाली. गच्चीवरचं आमचं सगळं यंत्र त्या क्षणी निकामी. सूर्य कुठल्या दिशेला आहे या प्रश्नाला उत्तरच नाही. काही मिनिटांनी सावली पुन्हा उमटली ती थेट पूर्वेला, म्हणजे सूर्य आता पश्चिमेत. दीड वाजता तो २७३ वर होता आणि तीच बशी पोळ्यावर डावीकडे ९३ अंशांत सांगितली जात होती. सकाळभर उजवीकडे आडवा असलेला नाच डावीकडे आडवा झाला.

मधल्या वेळात काय झालं ते मी सगळ्यांत बारकाईने पाहिलं. सव्वाबारा ते बारा पस्तीस या पट्ट्यात नाच कमी झाले. जे झाले त्यांत धावा एकमेकींशी जुळत नव्हत्या, काही उजवीकडे, काही डावीकडे, काहींची दिशा ठरवता येईना. बशीवर मात्र माश्या येत होत्या, कारण वाट ओळखीची झालेली.

मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात श्रीलंकेत हेच तपासलं होतं. सूर्य डोक्यावरून साधारण अडीच अंशांच्या आत आला की माशीची दिशा बिघडते असं त्यांना आढळलं. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे अडीच अंश दहा मिनिटांत. आधीची दहा आणि नंतरची दहा मिळून वीस मिनिटं. आमचा पट्टाही तेवढाच निघाला, पण आमच्या काचेमागचे नाच थोडेच होते, तेव्हा ते 'विरोधात गेलं नाही' इतकंच म्हणतो.

भाचीने लगेच विचारलं, उन्हामुळे दमल्या असतील तर? ही शंका एप्रिलअखेरच्या नोंदींवरून तपासली. त्या दिवसांतही भर दुपारी रणरणतं ऊन होतं, पण सूर्य डोक्यापासून नऊ-दहा अंश दक्षिणेला होता. त्या दुपारी नाच कमी झाले, पण जे झाले ते एकमेकांशी जुळणारे होते. ऊन नाच थांबवतं, विस्कटत नाही. आजचे विस्कटले.

९ जून

कालपासून ढग. ढग पातळ असले आणि निळ्या आभाळाचा एखादा तुकडा दिसत असला तरी माशीचं चालतं, प्रकाश कुठल्या पातळीत कंप पावतो ते तिला दिसतं आणि त्यावरून सूर्य कुठे ते काढता येतं. आभाळ पूर्ण भरलं तर ती रोजच्या ओळखीच्या झाडा-रस्त्यांवरून सूर्य आत्ता कुठे असणार ते आठवणीने धरते.

त्यावरून एक गोष्ट नोंदवून ठेवतो. १९९४ मध्ये अमेरिकेत फ्रेड डायर आणि जेफ्री डिकिन्सन यांनी अशा माश्या वाढवल्या ज्यांना फक्त दुपार उतरल्यावरच बाहेर सोडलं जाई. सकाळचा सूर्य त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. मग एका ढगाळ दिवशी त्यांना सकाळपासून सोडलं. त्यांच्या नाचांवरून दिसलं की सकाळभर त्या सूर्य संध्याकाळच्या उलट बाजूला एकाच जागी आहे असं धरतात, आणि दुपारी त्याला एकदम पलीकडे नेतात. तिथल्या आकाशात सूर्य असा कधीच वागत नाही. अनुभव नसलेल्या माशीचा तो जन्मजात ढोबळ अंदाज, पुढे रोजचा सूर्य पाहून ती तो सुधारते. इंदुरात परवा सूर्य जवळजवळ तसाच वागला: सकाळभर पूर्व, मग पश्चिम.

आजपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेकडून जाणार, म्हणजे दुपारी त्याची दिशा एरवीच्या उलट, पूर्वेकडून उत्तरेमार्गे पश्चिमेकडे फिरणार. माशी हे पकडते का ते पाहायची फार इच्छा आहे, पण या काळात इंदुरात पाऊस असतो, आणि दुपारी सूर्य त्या अडीच अंशांच्या आतच राहतो. तेव्हा फरक दिसायचा तर तो त्या वीस मिनिटांच्या आधी किंवा नंतरच्या थोड्या वेळात, तोही ढग नसतील तर.

१४ जून

पहिला मोठा पाऊस. पेटी भाऊंना परत द्यायची आहे. पावसात बाहेर काही मिळत नाही, या एवढ्या छोट्या वसाहतीला साखरपाण्यावर जगवण्यापेक्षा त्यांच्या मोठ्या पेटीत मिसळून टाकणं बरं, असं त्यांचंच म्हणणं पडलं. काचेची पेटी आणि गच्चीवरची रंगवलेली रेघ इथेच राहील. पुढच्या वर्षी सातेरी मिळाली तर ३०० आणि ५०० मीटरची मापं पुन्हा घ्यायची. तिच्या नाचाचा सेकंद वेगळा असल्यामुळे आमचं ०.६ आणि ०.८५ तिला लागू पडणार नाही. भाचीने त्यासाठी वहीत दोन कोरे रकाने आताच आखून ठेवले आहेत.